‘१०००+ समाधानी कुटुंबे’ ते ३१ रिसेल: ठाण्यातल्या एका एजंटच्या प्रोफाइलची दुरुस्ती

पाचपाखाडीत ऑफिस असलेला एक प्रॉपर्टी एजंट या प्रकरणात घेतला आहे. ऑफिसमध्ये तो स्वतः, एक मदतनीस मुलगा आणि अर्धवेळ हिशेब पाहणाऱ्या एक बाई, एवढीच माणसं. हा माणूस नमुन्यादाखल उभा केला आहे आणि त्याच्या रजिस्टरमधले आकडेही नमुन्याचेच आहेत. कायदा, कागद आणि अडचणी मात्र ठाण्यात रोज भेटतात त्याच आहेत.

त्याचं जुनं प्रोफाइल चार ओळींचं होतं. ‘ठाणे, नवी मुंबई, मुंबई येथे १५ वर्षांचा अनुभव. १०००+ समाधानी कुटुंबे. १००% पारदर्शक व्यवहार. बाजारभावापेक्षा कमी दरात घर मिळवून देणारे महारेरा मान्यताप्राप्त सल्लागार.’ ठाणे स्टेशनपासून घोडबंदरपर्यंत दहा ऑफिसांची कार्डं गोळा केली तर निम्म्या कार्डांवर शब्द इकडचे तिकडे करून हेच सापडेल. या माणसाने कोणाला फसवलं नव्हतं, पण चारही ओळींमधला एकही दावा त्याला कागदावर दाखवता आला नसता.

बिंग फुटलं ते ‘नवी मुंबई’ या दोन शब्दांवरून.

खारघरचं टोकन

ठाण्यातल्या एका जोडप्याला खारघरमध्ये रिसेलचा टू बीएचके हवा होता. प्रोफाइलवर नवी मुंबई पाहून ते आले. एजंटकडे खारघरचा स्वतःचा एकही फ्लॅट नव्हता. त्याने ओळखीच्या तिथल्या एजंटला फोन लावला, दोन रविवारी फ्लॅट दाखवले, एक पसंत पडला आणि एक लाखाचं टोकन गेलं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं होतं.

टोकननंतर कागद आले. इमारत सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर होती. अशा ठिकाणी फ्लॅट विकताना सोसायटीच्या नोंदीबरोबर सिडकोच्या दप्तरीही नाव बदलावं लागतं आणि त्याचं हस्तांतरण शुल्क भरावं लागतं. विकणाऱ्याच्या हातात शेअर सर्टिफिकेट होतं आणि त्यावर त्याचं नावही होतं. सिडकोकडे मात्र अजून त्याच्या आधीच्या मालकाचंच नाव होतं. म्हणजे एक हस्तांतरण मागे राहिलेलं, ते केल्याशिवाय पुढचं होणार नाही. बँकेच्या वकिलाने नेमकं तेच पकडलं आणि कर्जाची फाइल थांबली. मागचं शुल्क विकणाऱ्याने भरायचं की दोघांनी वाटून घ्यायचं, यावर बोलणी अडली. त्यात खारघरच्या एजंटने त्याचं ब्रोकरेज मागितलं आणि ठाण्याच्या एजंटने आपलं वेगळं. दोन ब्रोकरेज द्यावी लागतील हे जोडप्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

व्यवहार मोडला. टोकन परत मिळालं, पण दोन महिन्यांनी. जोडप्यातल्या बाई एवढंच म्हणाल्या, ‘दादा, तुमच्या कार्डावर नवी मुंबई लिहिलंय म्हणून तर आम्ही तुमच्याकडे आलो.’

याला बचाव नाही. ठाण्याच्या एजंटला सिडकोची पद्धत माहीत नसणं हा गुन्हा नाही. पाचपाखाडीत त्याला इतक्या वर्षांत कधी ती लागली नसेल. पण एका भागाचं नाव प्रोफाइलवर लिहिलं की तिथले कागद आपण टोकनच्या आधी ओळखू, असं आपण म्हटल्यासारखंच होतं. महारेराची एजंट नोंदणी सगळ्या महाराष्ट्रात चालते. तिच्यामुळे खारघरमध्ये काम करायची मुभा मिळते, खारघरची माहिती मिळत नाही. शिवाय ‘नवी मुंबई’ हा शब्दच फार ढगळ आहे. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात. जुन्या प्रकल्पांचे महारेरा क्रमांक एकीकडे P517 ने सुरू होतात, दुसरीकडे P520 ने. दुय्यम निबंधक वेगळे, आणि गावठाणातलं किंवा जमीन गेलेल्यांना भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतलं घर असेल तर तपासायचे कागद आणखी निराळे.

आधी ‘व्यवहार’ कशाला म्हणायचं ते ठरवलं

दुरुस्ती शब्दांपासून सुरू केली असती तर ‘१०००+’ च्या जागी ‘शेकडो’ आलं असतं आणि काम संपलं असतं. म्हणून आधी मोजदाद केली. १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ ही तीन आर्थिक वर्षं घेतली. त्यामागचं कारण साधं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या व्यवहारावरून आजचा भाव कळत नाही, आणि त्याहून जुन्या पावत्या बहुतेक ऑफिसांमध्ये धड सापडतही नाहीत.

हजाराचा आकडा कुठून आला ते पहिल्याच तासात कळलं. एजंटच्या फोनमध्ये ‘पार्टी’ म्हणून जतन केलेले नंबर हजाराच्या वर होते. फ्लॅट पाहायला आलेले, नुसते भाव विचारून गेलेले, मालक, भाडेकरू, सगळे त्यात. त्यांपैकी किती जण घर घेऊन समाधानी झाले हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मग टोकनची वही उघडली. तीन वर्षांत रिसेलची ४२ टोकनं झाली होती. त्यातली सात मोडली, ३५ व्यवहारांचे करार नोंदले गेले. आता या ३५ पैकी किती ‘आपले’ म्हणता येतील?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बरेच जण इथेच गडबडतात. करार नोंदला की सूची क्रमांक दोन, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतला इंडेक्स टू, तयार होतो. त्यावर दस्त क्रमांक, दुय्यम निबंधक कार्यालय, मोबदला, मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, देणार-घेणाऱ्यांची नावं आणि तारखा असतात. ठाण्याच्या दस्तांच्या पानांवर ‘टनन’ आणि कार्यालयाचा आकडा छापलेला असतो तो याच नोंदणीचा. पण इंडेक्स टूवर एजंटचं नाव कुठेच नसतं. त्यामुळे दहा इंडेक्स टू समोर ठेवून ‘हे सगळे मी केले’ असं कोणीही म्हणू शकतो. व्यवहार झाला एवढं त्या कागदावरून सिद्ध होतं, तो कोणी जुळवला ते होत नाही.

तो दुवा ब्रोकरेजच्या पावतीत असतो. म्हणून प्रत्येक नोंदीसाठी तीन गोष्टी जुळवून पाहिल्या: वहीतली टोकनची ओळ, नोंदलेल्या दस्ताचा क्रमांक आणि ब्रोकरेजची पावती, जिची रक्कम बँकेत जमा दिसते. ३५ पैकी चार व्यवहारांत ब्रोकरेज रोख घेतलं होतं आणि पावतीच फाडली नव्हती. ते चार गळले. एजंट कुरकुरला. ‘पण केले तर मीच ना?’ केले असतील. दाखवता येत नाहीत, म्हणून लिहायचे नाहीत. आकडा ३१ वर आला.

या ३१ मध्येही फुगवायला जागा होती. नऊ व्यवहारांत घेणारा आणि विकणारा दोघंही त्याचेच होते, उरलेल्या २२ मध्ये समोर दुसरा एजंट होता. काही जण दोन्ही बाजू असलेला व्यवहार दोनदा मोजतात. तसं केलं तर ३१ चे ४० होतात. वाचणाऱ्याला हे कळायचा मार्ग नाही, म्हणून एक दस्त म्हणजे एक व्यवहार हा नियम धरला आणि नऊ ठिकाणी दोन्ही बाजूंकडून ब्रोकरेज घेतलं हे उघड लिहायचं ठरलं. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती एकूण आकड्यापेक्षा कामाची आहे. जो एजंट विकणाऱ्याकडूनही पैसे घेतोय, तो भाव पाडायला किती जोर लावेल, हे घेणाऱ्याने आधीच मनात धरलेलं बरं.

नव्या प्रकल्पांत बिल्डरमार्फत १४ बुकिंग्ज होती. त्यांतली तीन रद्द झाली आणि ११ चे करार नोंदले गेले. बुकिंग हा व्यवहार नव्हे, करार नोंदला तर व्यवहार. या भागाची पडताळणी त्यातल्या त्यात सोपी, कारण बिल्डर चॅनल पार्टनरला ब्रोकरेज देताना टीडीएस कापतो आणि ती रक्कम आयकर खात्याच्या २६एएस विवरणात दिसते. अकराही सापडले.

भाड्याच्या घरांचे लिव्ह अँड लायसन्स करार ११८ निघाले. हाच आकडा सर्वात मोठा, आणि सर्वात पोकळही हाच. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तोच भाडेकरू त्याच घरात राहिला तरी दर वर्षी नवा करार नोंदवावा लागतो, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. ११८ पैकी ४७ अशी नूतनीकरणं होती. तिथे एजंटने मसुदा करून ऑनलाइन नोंदणी लावून दिली, एवढंच. घर शोधून दिलेले ७१.

म्हणजे ३१ रिसेल, ११ नवे आणि ७१ भाड्याचे. यांची बेरीज करून ११३ लिहायचा मोह झाला होता. तो टाळला. ऐंशी लाखांच्या फ्लॅटचं खरेदीखत आणि पंचवीस हजार भाड्याचा करार एका आकड्यात घातले की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

भागांची यादी कुठे थांबवायची

३१ रिसेल भागवार मांडले तर १७ पाचपाखाडी-नौपाड्यात, ८ वर्तकनगर आणि पोखरण रोड नंबर एकच्या पट्ट्यात, ४ मानपाडा-ढोकाळीत आणि २ कळवा-खारेगावात. नवी मुंबईत रिसेल शून्य. ऐरोलीत भाड्याचे तीन करार. मुंबईत काहीच नाही.

नियम असा लावला की तीन वर्षांत तीन नोंदणीकृत रिसेल असतील तरच त्या भागाचं नाव रिसेलच्या यादीत घालायचं. तीनच का, याला शास्त्र नाही. पण एका भागात दोन-तीन सोसायट्यांच्या कमिट्या, त्यांची एनओसीची पद्धत, ट्रान्सफर फी, पार्किंगचे नियम हाताखालून गेल्याशिवाय ‘हा भाग मला माहीत आहे’ म्हणता येत नाही. कळवा गेलं. ऐरोली रिसेलमध्ये नाही, भाड्यातही लिहिण्याइतकी नाही.

घोडबंदरचं काय करायचं यावर थोडा वाद झाला. अकराही नवी बुकिंग्ज कासारवडवली ते ओवळा या पट्ट्यातली होती. एजंटला ‘घोडबंदर रोड’ यादीत हवंच होतं, कारण विचारणा तिकडच्याच जास्त येतात. पण बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये पार्टी नेऊन बसवणं वेगळं आणि त्याच पट्ट्यातल्या आठ वर्षं जुन्या टॉवरमधला फ्लॅट विकून देणं वेगळं. पहिल्यात किमतीचा तक्ता बिल्डरचा असतो. दुसऱ्यात मेंटेनन्सची थकबाकी, पार्किंगचं वाटपपत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि भावाची घासाघीस तुमच्या अंगावर असते. शेवटी ‘घोडबंदर रोड (कासारवडवली-ओवळा): फक्त नवे नोंदणीकृत प्रकल्प’ असं कंसासकट लिहिलं. आमच्या मते सगळ्या प्रोफाइलमध्ये हा कंस सर्वात कामाचा आहे.

नौपाड्याची भाषा वेगळी

एजंट सर्वात पक्का आहे तो पाचपाखाडी-नौपाड्यात. अतिशयोक्तीचा धोकाही तिथेच जास्त. इथल्या बऱ्याच सोसायट्या जुन्या, तीन-चार मजली, आणि पुनर्विकासाच्या वाटेवरच्या. जाहिरातीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं: ‘इमारत रिडेव्हलपमेंटमध्ये जाणार, दोन वर्षांत ४०% जास्त जागा.’ आज साधारण असलेला फ्लॅट उद्याच्या मोठ्या फ्लॅटच्या भावाने विकायचा, असा त्यातला हिशेब.

एजंटच्या जुन्या मजकुरात अशी ओळ एका फ्लॅटखाली होती. त्या सोसायटीत प्रत्यक्षात काय झालं होतं? एका बिल्डरने कमिटीला भेट देऊन एक कागद दिला होता. बस. मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव होतं, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलं नव्हतं, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही टाकलेला नव्हता. सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सूचनांप्रमाणे निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर विकासक निवडायची विशेष सर्वसाधारण सभा होते, ती लांबच. विकास करार नाही, महापालिकेकडे नकाशे नाहीत. ‘४०% जास्त’ हे त्या बिल्डरच्या कागदावरचं वाक्य होतं. पुढे करार करताना ते कमी होतं किंवा नाही, ते तेव्हा कळेल.

त्यामुळे फ्लॅटखाली आता नुसता टप्पा लिहायचा: ‘अभिहस्तांतरण बाकी. पुनर्विकासाचा ठराव झालेला नाही.’ एवढ्याने खरेदीदार पळतो का? काही पळतात. जे थांबतात ते आजच्या घराचा आजचा भाव लावतात आणि मग वर्षभराने ‘तुम्ही म्हणाला होतात’ म्हणत ऑफिसात येत नाहीत.

क्षेत्रफळाचीही तीच गत. जुन्या करारांत बिल्ट-अप, मधल्या काळातल्यांत सुपर बिल्ट-अप, आताच्यांत रेरा कार्पेट. त्याच फ्लॅटच्या करारात ७२० चौरस फूट बिल्ट-अप लिहिलं होतं आणि जाहिरातीत ते ‘८५० चौ. फूट’ झालं होतं. मोजल्यावर कार्पेट ५५.७६ चौरस मीटर भरलं, म्हणजे सुमारे ६०० चौरस फूट. एकाच घराचे तीन आकडे, आणि प्रति चौरस फूट भाव काढताना ज्याला जो सोयीचा तो आकडा घेतो. यापुढे एकच कार्पेट, तोही चौरस मीटरमध्ये आणि कंसात चौरस फुटात, आणि तो करारातून घेतला की टेप लावून मोजला तेही लिहायचं.

‘बाजारभावापेक्षा कमी’ हे वाक्य का काढलं

या वाक्याला आधार म्हणून एजंट इंडेक्स टू दाखवत असे. त्यावर ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला ९२ लाख आणि बाजारभाव ९८ लाख असेल तर तो सांगायचा, ‘बघा, बाजारभावापेक्षा सहा लाख कमी.’ गैरसमज मुळातच आहे. तो ‘बाजारभाव’ रेडी रेकनरवरून काढलेलं सरकारी मूल्य असतं. मुद्रांक शुल्क मोबदला आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर आकारतात, म्हणून ते तिथे छापलेलं असतं. समोरचा फ्लॅट आज काय भावाने जातो, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट मोबदला त्या मूल्याच्या खाली असेल तर शुल्क जास्त आकड्यावर भरावं लागेल हे खरेदीदाराला आधी सांगायला हवं. सहा लाख वाचले म्हणून खूश झालेल्या माणसाला ते निबंधक कार्यालयात कळलं तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

भाव सांगायचा असेल तर एकच धड रस्ता आहे: त्याच इमारतीतले किंवा शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या वर्षभरातले नोंदलेले मोबदले. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन शोधता येते, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक घालून. पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. करार नोंदतो तेव्हा भाव ठरून दोन-तीन महिने होऊन गेलेले असतात. मोबदल्यात पार्किंग किंवा फर्निचर धरलेलं असू शकतं. आणि दोन भावांमधला, आईने मुलीला दिलेला असे घरातले दस्त तुलनेत घ्यायचे नाहीत. म्हणून प्रोफाइलमध्ये भावाचा दावा नाही, फक्त पद्धत आहे: टोकनच्या आधी त्या परिसरातल्या तीन नोंदलेल्या व्यवहारांची माहिती दाखवू.

मान्यताप्राप्त की नोंदणीकृत

‘महारेरा मान्यताप्राप्त’ हेही गेलं. महारेरा एजंटची नोंदणी करते, त्याच्या दर्जाची ग्वाही देत नाही. रेरा कायद्याच्या कलम १० मध्ये एजंटने आपल्याला नसलेली मान्यता किंवा संलग्नता असल्याचं भासवू नये, सेवेचा दर्जा खोटा सांगू नये असं स्पष्ट आहे, आणि ते तोंडी, लेखी किंवा फलकावरून, कोणत्याही प्रकारे. उल्लंघनाला कलम ६२ प्रमाणे दर दिवशी दहा हजार रुपये दंड, कमाल त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. ‘नोंदणीकृत’ म्हणायचं आणि क्रमांक पूर्ण द्यायचा. या एजंटचा A517 ने सुरू होणारा, २०१७ ला घेतलेला, २०२२ ला नूतनीकरण केलेला. मुदत पाच वर्षांची असते, म्हणून ‘वैध २०२७ पर्यंत’ हेही शेजारी. संपलेल्या मुदतीचे क्रमांक कार्डांवर वर्षानुवर्षं तसेच छापून येतात आणि कोणी पाहत नाही. १ जानेवारी २०२४ पासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षेचं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. ते त्याच्याकडे होतं, आणि गंमत म्हणजे प्रोफाइलवर लिहायचंच राहून गेलं होतं.

पंधरा वर्षांचा अनुभव मोजला तर स्वतःचं ऑफिस २०१४ चं निघालं. आधीची चार वर्षं मामांच्या ऑफिसात. ‘२०१४ पासून’ लिहिलं. वर्ष लिहिलं की दर वर्षी आकडा बदलावा लागत नाही.

नवा मजकूर

शेवटी जे छापलं ते असं:

‘पाचपाखाडी, ठाणे (प.) येथे २०१४ पासून. महारेरा नोंदणीकृत एजंट, क्रमांक सोबत, वैध २०२७ पर्यंत. सक्षमता प्रमाणपत्र आहे.

रिसेल: पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर, पोखरण रोड नं. १, मानपाडा, ढोकाळी. घोडबंदर रोड (कासारवडवली-ओवळा): फक्त नवे नोंदणीकृत प्रकल्प. भाडे: पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर. नवी मुंबई आणि मुंबईत काम करत नाही.

एप्रिल २०२२ ते मार्च २०२५: नोंदणीकृत रिसेल ३१ (पैकी ९ मध्ये दोन्ही बाजू आमच्याकडे), नव्या प्रकल्पांतले नोंदणीकृत करार ११, नवे भाडेकरार ७१. याच काळात रिसेलची ७ टोकनं मोडली.

ब्रोकरेज: रिसेल २%, भाडे एक महिन्याचं भाडे, पावतीसह. दुसरा एजंट मध्ये असेल तर आधी सांगू. नव्या प्रकल्पात आम्हाला बिल्डर ब्रोकरेज देतो, तुमच्याकडून घेत नाही.

टोकनच्या आधी दाखवतो: मालकी कागदांची साखळी, भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, सोसायटीची थकबाकी, कार्पेट क्षेत्रफळ, परिसरातले तीन नोंदलेले भाव. कायदेशीर तपासणी तुमच्या वकिलाकडून करून घ्या, ती आम्ही करत नाही.’

‘झिरो ब्रोकरेज’ हे शब्द मुद्दाम नाहीत. बिल्डर देतो म्हणजे ते शून्य नसतं, आणि कोणत्या प्रकल्पात एजंटला जास्त मिळतं यावरून त्याची शिफारस झुकू शकते, हे खरेदीदाराला कळायला हवं. दस्त क्रमांकही मजकुरात नाहीत, कारण त्यावरून गिऱ्हाइकांची नावं आणि किमती उघड होतात. ते ऑफिसच्या फाइलमध्ये राहतील. कोणी विचारलं तर जुन्या पार्टीला आधी फोन करून, तिची हरकत नसेल तर दाखवायचे.

मोडलेल्या टोकनांच्या ओळीवर एजंट शेवटपर्यंत नाराज होता. स्वतःचं अपयश कोण छापतं, हा त्याचा सवाल. पण ती सात उलगडून पाहिली तर तीन बँकेच्या कर्जावर अडली होती (त्यातलं एक कागदांच्या साखळीतला मधला करार हरवल्यामुळे), दोन ठिकाणी विकणाऱ्याने भाव वाढवला, एकात वारसांपैकी एक जण सही द्यायला तयार नव्हता आणि एकात घेणाऱ्याचंच मन बदललं. हरवलेला करार आणि वारसाची सही, ही दोन्ही कारणं, कागद आधी पाहिले असते तर, टोकनच्या आधीच कळली असती. नव्या मजकुरातली ‘टोकनच्या आधी दाखवतो’ ही ओळ त्या दोन व्यवहारांतून आली. नुसतं ‘पारदर्शक’ लिहिलं असतं तर यातलं काही दिसलं नसतं. ओळ राहिली.

दर वर्षी एप्रिलमध्ये सरत्या वर्षाची मोजणी करून तीन वर्षांची खिडकी एक वर्ष पुढे सरकवायची, हे हिशेब पाहणाऱ्या बाईंकडे दिलं आहे. तीन रिसेलच्या खाली गेलेला भाग त्या स्वतः खोडतील, एजंटला विचारायचं नाही.

जुन्या कार्डांचा साधारण आठशेचा गठ्ठा अजून टेबलाच्या खणात होता. ती संपेपर्यंत वापरू का, असं त्याने विचारलं. कलम १० लेखी विधानांनाही लागू आहे आणि कार्ड हे लेखीच. मदतनीस मुलाने गठ्ठा उचलला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर साइट व्हिजिटच्या वेळा लिहायला ठेवला, पुढची बाजू पेनाने आडवी खोडून.